सुटा शेर आणि परतणारी ओळ : गझलवळणाच्या गाण्याची एक बांधणी

इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैनकडे जाणाऱ्या सांवेर रोडच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत. तिथे काम करणारे काही मराठी तरुण पाळी सुटल्यावर एका मित्राच्या खोलीवर जमतात आणि आपापल्या कविता वाचतात. अधूनमधून मीही तिथे जातो. त्यांतल्या एकाने गणेशोत्सवात म्हणायला गझलेच्या वळणाचे एक गाणे लिहिले होते. ऐनवेळी संयोजकांनी सांगितले, "वेळ कमी आहे, दोनच कडवी म्हणा." त्याने मधले कडवे गाळले आणि गाणे कोसळले. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, सूर चुकला नाही, शब्द विसरलो नाही. तरी समोरचे लोक एकमेकांकडे का पाहू लागले?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो.

आपल्या भावगीताचा साचा मुखडा आणि अंतरे असा असतो. अंतरे एकच भाव पुढे नेतात. दुसरा अंतरा पहिल्याच्या खांद्यावर उभा राहिला तरी चालते. गझलेत मात्र प्रत्येक शेर म्हणजे दोन ओळींची पूर्ण कविता असते. शेरांना एकत्र ठेवतात त्या तीन गोष्टी: सर्व ओळींचे एकच वृत्त, काफिया म्हणजे यमक, आणि काफियानंतर जसाच्या तसा परतणारा रदीफ. माधव जूलियन यांच्या 'गज्जलांजलि'ने (१९३३) हा घाट मराठीत रुजवू पाहिला. पुढे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून त्याचे नियम नवोदितांच्या हाती दिले. राहत इंदौरींच्या या शहरात तर मुशायऱ्यामुळे कान आधीच तयार असतात. श्रोत्याला रदीफ ठाऊक असतो; तो वाट पाहतो ती काफियाची.

त्या तरुणाने निवडलेला रदीफ होता 'लागते'. निवड उत्तम होती, कारण मराठीत या क्रियापदाला अनेक अर्थ आहेत. पैसा लागतो तसा जिव्हाळाही लागतो. ठेच लागते, कुलूप लागते, दूध करपून भांड्याला लागते. रदीफ बदलत नाही, म्हणून त्याचा अर्थ तरी वळला पाहिजे. वृत्त मेनका : गालगागा गालगागा गालगा, म्हणजे एकोणीस मात्रा. शेवटचा 'गालगा' रदीफानेच व्यापलेला. मतला, म्हणजे दोन्ही ओळींत काफिया-रदीफ असलेला पहिला शेर, असा :

एवढे ओझे कशाला लागते?
एक काडीही मनाला लागते

पहिल्या ओळीत 'लागते' म्हणजे गरज पडते. दुसरीत ते टोचते. काफिया 'कशाला-मनाला' असा ठरला. इथे 'ला' हा प्रत्यय सर्वत्र सारखाच आहे, म्हणून त्याच्या आधीचा 'आ' सांभाळणे अत्यावश्यक. या स्वराला अलामत म्हणतात. घराला, उन्हाला, तळाला चालतील. एकाने सुचवलेले 'नदीला' मात्रांत बसते, पण 'आ'च्या जागी 'ई' आल्याने यमक मोडते.

आता गाळलेल्या कडव्याकडे येऊ. त्यात भाड्याच्या खोलीचे वर्णन होते, आणि पुढचा शेर असा :

वाजला भोंगा, निघाली माणसे
आणि टाळे त्या घराला लागते

वृत्त चोख, चित्र नेमके. दोष आहे तो 'त्या' या एका शब्दात. कोणते घर? ते मागच्या शेरात होते, आणि तो शेर तर गाळला गेला. श्रोते एकमेकांकडे पाहू लागले ते इथेच. सुट्या शेराचे बळ अशा लहान शब्दांत गळून जाते : त्या, तिचे, मग, तेव्हाही. म्हणून मी त्याला प्रत्येक शेर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, बाकीचे गाणे न ऐकलेल्या माणसाला वाचायला द्यायला सांगितले. वाचणाऱ्याने "कोण?" किंवा "कुठले?" असे विचारले, तर शेर अजून सुटा झालेला नाही. दोन दिवसांनी त्याने हा शेर आणला :

येत नाही पाखरूही त्या घरी
रोज टाळे ज्या घराला लागते

'त्या' अजून आहेच. पण त्याचा 'ज्या' आता दुसऱ्याच ओळीत भेटतो. प्रश्न शेरातच निर्माण होतो आणि शेरातच सुटतो. भोंगा गेला याचे त्याला वाईट वाटले. पण रोजच्या टाळ्यात तो ऐकू येतोच.

दुसरी चूक अधिक फसवी होती :

सूर्य आला कोवळा दारावरी
रूप सोन्याचे उन्हाला लागते

मात्रा मोजल्या तर एकही कमी-जास्त नाही. पण उन्हाला सोन्याचे रूप 'येते', 'लागत' नाही. इथे रदीफ वाक्यातून उगवलेला नसून वरून टांगलेला आहे. हे ओळखायचा उपाय साधा आहे : रदीफ झाकावा आणि ओळ बोलीत आपोआप कशी पुरी होते ते पाहावे. दुसरे क्रियापद ओठांवर आले, तर ओळ पुन्हा लिहावी. त्याने काफिया तोच ठेवून विचार बदलला :

झाड तोडा, भिंत पाडा, शेवटी
सावलीसुद्धा उन्हाला लागते

आणि मग स्वयंपाकघरातून आलेला हा शेर :

हात आईचा जरासा थांबता
दूध मायेचे तळाला लागते

इथे 'लागते' म्हणजे करपते. हा अर्थ शब्दकोश चाळून सापडला नाही. तो घरात ऐकलेला होता.

राहिला प्रश्न परतणाऱ्या ओळीचा. गझलेत रदीफ शेराच्या दुसऱ्या ओळीत आपोआप परततो. गाण्यात त्याखेरीज मतल्याची पहिली ओळ ध्रुवपद म्हणून प्रत्येक शेरानंतर येते. त्यामुळे ती ओळ कुठल्याही शेराला जोडता आली पाहिजे. 'एवढे ओझे कशाला लागते?' हा प्रश्न आहे, म्हणून टाळ्याच्या शेरानंतर तो कमाईविषयी वाटतो आणि दुधाच्या शेरानंतर आईविषयी. त्याच्या जुन्या ध्रुवपदात पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाची हकिगत होती. प्रत्येक शेर तिच्या दावणीला बांधला जाई. घटना सांगणारी ओळ सुट्या शेरांना पेलत नाही.

ही मोकळीक सर्वत्र उपयोगी नाही. ज्याला एका संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे, त्याने सरळ भावगीत लिहावे किंवा एकच विषय चालवणारी मुसल्सल गझल लिहावी. शिवाय गझल म्हणवण्यासाठी निदान पाच शेर असावेत असा संकेत आहे. इथे चारच आहेत. म्हणून मी याला गझल न म्हणता गझलवळणाचे गाणे म्हणतो.

पुढच्या बैठकीत त्याने ते म्हटले. दुधाचा शेर आधी आला, टाळ्याचा शेवटी, उन्हाचा तो विसरलाच. तो गाळला गेला आहे, हे खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते.