घराच्या फोटोतली वायर आणि बोर्ड : क्रॉप करायचं की मास्क?

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. घर चांगलं आहे, फोटोही बरा आलाय, पण मध्येच विजेची वायर किंवा शेजारच्या दुकानाचा बोर्ड येतो. तो कसा घालवायचा? व्हिडिओत हात दाखवला होता, इथे विचार कसा करायचा ते लिहितो. कारण वायर पुसायला दहा मिनिटं लागतात. कोणती वायर पुसायची, तिथेच खरी अडचण येते.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचा आपला एक विद्यार्थी आहे. झेरॉक्सच्या दुकानातूनच घर-प्लॉटच्या जाहिराती टाकायचं काम करतो. त्याने गावातल्या एका स्लॅबच्या घराचा फोटो मला पाठवला. मोबाईलचा साधा फोटो, ४००० बाय ३००० पिक्सेल. त्यात नको असलेल्या चार गोष्टी होत्या: डाव्या कडेला शेजारच्या दुकानाचा बोर्ड, सगळ्यात वर रस्त्याच्या अलीकडच्या खांबांवरच्या तारा, घराच्या तोंडावरून तिरकी गेलेली टीव्हीची केबल, आणि गच्चीच्या उजव्या कोपऱ्यावरून जाणारी ११ केव्हीची लाईन. पठ्ठ्याने चारही पुसल्या होत्या, आणि सफाईने पुसल्या होत्या.

मी त्याला म्हटलं, आधी क्रॉपचं गणित करून बघ. बोर्ड डावीकडचे साधारण ५५० पिक्सेल खात होता. ६०० कापले की रुंदी उरते ३४००. चौकट ४:३ चीच ठेवायची तर उंची हवी २५५०, म्हणजे ४५० पिक्सेल उंचीतून जाणार. ते सगळे वरून कापायचे. रस्त्याच्या तारा वरून ३०० ते ४०० पिक्सेलच्या पट्ट्यात होत्या, त्या आपोआप गेल्या. कठडा सुरू होत होता ८०० वर, म्हणजे कापल्यावरही घराच्या डोक्यावर ३५० पिक्सेल आकाश राहिलं. घर गुदमरलं नाही. दोन अडचणी एका कापण्यात मिटल्या, आणि फोटोचा एकही पिक्सेल खोटा झाला नाही.

म्हणून क्रॉप आधी. नको असलेली वस्तू कडेला असेल आणि ती कापल्यावर घराभोवती थोडी मोकळी जागा उरत असेल, तर मास्किंगच्या वाटेला जाऊच नका. पायरी, फाटक किंवा कठड्याचा कोपरा कापला जात असेल तर मात्र क्रॉप सोडून द्या. अर्धवट कापलेलं घर बघणाऱ्याला वाटतं, पलीकडे काहीतरी लपवलंय. त्यापेक्षा परत जाऊन चार पावलं उजवीकडे सरकून फोटो काढा. पुष्कळदा बोर्ड तिथेच सुटतो.

आता केबल. ती आकाशातून येऊन कठड्यावरून, भिंतीवरून जात होती. क्रॉपने ती जाणार नाही. पण ती केबलवाल्याची वायर, उद्या दुसरीकडून ओढली तरी घर तेच राहतं. ती पुसायला हरकत नाही. GIMP मध्ये असं करा:

आधी `Layer > Duplicate Layer` करून फोटोची दुसरी प्रत घ्या. खालच्या मूळ प्रतीला हात लावायचा नाही. वरच्या प्रतीवर Clone टूल घ्या, Ctrl धरून वायरच्या अगदी शेजारच्या आकाशावर क्लिक करा, आणि वायरवर रंगवा. नमुना वायरला लागूनच घ्या. आकाश वरून खाली फिकट होत जातं, लांबचा तुकडा आणला तर पट्टा उमटतो. लांब वायर असेल तर एका टोकाला क्लिक करून Shift धरून पुढे क्लिक करा, सरळ रेघ पुसली जाते. पण वायरला झोळ असतो, म्हणून छोट्या छोट्या टप्प्यांत जा.

कठड्याशी आलात की आकाशाचा रंग सिमेंटवर सांडतो आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते. इथे मास्क कामाला येतो. `Layer > Mask > Add Layer Mask` करा, White निवडा. आता मास्कवर काळा ब्रश फिरवाल तिथे खालचा मूळ फोटो परत दिसू लागतो. कठड्याच्या कडेवर काळा फिरवा, कडा जशी होती तशी येते. चुकून जास्त गेलं तर पांढरा फिरवा. मास्कमध्ये काहीच कायमचं पुसलं जात नाही. मात्र फाईल `.xcf` मध्ये जपून ठेवा. फक्त `.jpg` ठेवलीत तर थर आणि मास्क दोन्ही गेले.

झाल्यावर १०० टक्के झूम करून वायरच्या वाटेवरून नजर फिरवा. एकसारखे दोन ढग किंवा दोनदा उमटलेला भिंतीवरचा डाग सापडला की क्लोन उघडा पडला. आणि सावली बघा. या मुलाने केबल पुसली होती, पण तिची सावली भिंतीवर तशीच तिरकी पडलेली! भिंतीला टेक्स्चर असेल, जाळी असेल, वेल असेल तर मास्किंगचा हट्ट सोडा. तिथे वायर दिसू द्या.

राहिली ११ केव्हीची लाईन. ती पुसायची नाही. आणि ती चौकटीबाहेर जावी म्हणून क्रॉपही करायचं नाही, कारण कापूनही लपवता येतंच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्ही लाईन इमारतीवरून जात असेल तर इमारतीच्या सर्वात उंच भागापासून उभं अंतर किमान ३.७ मीटर, म्हणजे साधारण १२ फूट लागतं. बाजूने जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर. आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला वर एक मजला चढवायचा आहे. मजल्याचे १० फूट धरले तर आजच्या गच्चीपासून तार २२ फुटांवर तरी हवी. तेवढी नसेल तर त्याचा मजला अडला. फोटोतून ती तार काढली की त्याच्या हिशेबातला एक मजला तुम्ही काढून घेतला.

(अंतर मोजायला गच्चीवर सळई, टेप किंवा ओला बांबू घेऊन चढू नका. महावितरणच्या माणसाला विचारा.)

या मुलाच्या बाबतीत व्हायचं तेच झालं होतं. परभणीहून एक कुटुंब घर बघायला आलं. काका फाटकात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "ही तार फोटोत नव्हती की!" त्यानंतर बोअरला पाणी किती, कागद कसे आहेत, सगळं खरं सांगूनही ते दोन-दोनदा विचारत राहिले. चहा न घेताच गेले.

बोर्डांचंही असंच बघा. शेजारच्या दुकानाचा बोर्ड कापा. भिंतीला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स विचारून सोडवून घ्या आणि फोटो काढा. कुणाचा मोबाईल नंबर दिसत असेल तर तो धूसर करा. पण बँकेने कर्जापोटी ताबा घेतल्याची नोटीस किंवा जागेचा कोर्टात वाद असल्याचा फलक भिंतीवर असेल तर फोटो एडिट करायचा विषयच नाही. आधी मालकाला कागद मागा. आपल्या मालकीतला दोष माहीत असून घेणाऱ्यापासून लपवणाऱ्या विक्रेत्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये सूट नाही, आणि जाहिरातीवर नंबर तुमचा असतो.

मुलाला फोटो पुन्हा पहिल्यापासून करावा लागला नाही. `.xcf` उघडून मास्कवर लाईनच्या जागी काळा ब्रश फिरवला, दोन मिनिटांत तार परत आली. जाहिरातीत त्याने एक ओळ वाढवली: "गच्चीच्या उजव्या कोपऱ्यावरून ११ केव्ही लाईन जाते, वर बांधकाम करायचं असल्यास अंतराची आधी चौकशी करावी." फोन आधीपेक्षा कमी येतात म्हणतो. पण जे येतात ते तारेबद्दल विचारूनच बघायला येतात.