खांदा निखळलाच नव्हता

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारच्या वळणावर स्कूटर घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. ओळखीचे एक काका धावत आले. "खभो उतरी गयो छे! एक झटका दिला की बसेल." हाडवैद्य प्रा. माणिकरावांच्या काळापासून बडोद्यात हाड बसवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास, माझाही होता. काकांनी मनगट धरून हात खेचला. आत करकर वाजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. खांदा बसला नाहीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "हा दंडाच्या हाडाचा गोळा, ही त्याची वाटी. गोळा जागेवरच आहे. मोडलंय ते हे," म्हणत त्यांनी गळ्याखालच्या आडव्या हाडावर, कॉलरबोनवर बोट ठेवलं. हाड मधोमध तुटलं होतं. आतलं टोक मानेच्या स्नायूने वर ओढलेलं, बाहेरचं हाताच्या भाराने खाली गेलेलं. खांदा निखळला असता, तर बहुतेक वेळा दिसतो तसा गोळा वाटी सोडून पुढे आणि आतल्या बाजूला सरकलेला दिसला असता.

फरकाचा अंदाज वरूनही येतो. खांदा निखळला की त्याची गोलाई जाते, बाजू चपटी होऊन टोकाचं हाड टोचल्यासारखं पुढे येतं. हात अंगापासून किंचित दूर अडकून बसतो. त्या हाताचा पंजा दुसऱ्या खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकवता येत नाही. कॉलरबोन मोडलं तर माणूस दुसऱ्या हाताने कोपर सावरून धरतो. दुखणं नेमकं त्या हाडावर असतं आणि तिथेच उंचवटा येतो. माझंही तसंच होतं, पण पाहिलं कोणी?

तरी अंदाज तो अंदाजच. खांदा निखळताना कधी दंडाचं हाडही मोडतं. अशा वेळी ओढलं तर मोड सरकते. म्हणून बसवण्याआधी एक्स-रे, आणि बसवल्यावर पुन्हा एक. फोटो दोन बाजूंनी हवेत. गोळा मागच्या बाजूला निखळला असेल, तर नुसत्या समोरून काढलेल्या फोटोत तो जागेवर असल्यासारखा दिसून चकवतो.

मला पट्टा आणि विश्रांती पुरली. सहा आठवड्यांनी पट्टा सुटला, उंचवटा मात्र राहिला. टोकांमध्ये फार अंतर असेल किंवा टोक कातडीला आतून ताणत असेल, तर प्लेट घालायचा विचार करतात.

तुमच्यासमोर कोणी पडलं, तर हात आहे तसाच ओढणीने किंवा टॉवेलने छातीशी बांधा. बोटं हलतात का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, ते विचारा. बधिरपणा असेल, बोटं गार पडली असतील किंवा श्वास लागत असेल, तर थेट मोठ्या इस्पितळात न्या. आणि झटका देऊ बघणाऱ्याचा हात आधी धरा.