चुटक्याच्या अणुभट्टीला वर्षाला किती युरेनियम लागेल?

जबलपूरच्या वरच्या अंगाला, नर्मदेवरील बरगी धरणाच्या जलाशयाकाठी मंडला जिल्ह्यात चुटका हे गाव आहे. येथे प्रत्येकी ७०० मेगावॅट क्षमतेच्या दोन जडपाणी अणुभट्ट्या उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये मंजुरी दिली. बरगी धरणाने एकदा विस्थापित झालेल्या या परिसरातून प्रकल्पास विरोधही झाला. अशा वादात जमीन व पाणी यांची चर्चा होते. परंतु इंधन किती आत जाणार आणि किती बाहेर येणार, हा प्रश्न बहुधा अंदाजावर सोडला जातो. वस्तुतः दोन-तीन आकडे हाती असले की हे उत्तर कागदावर काढता येते. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा स्वतः सोडवून पाहावे.

चुटक्यासाठी योजलेल्या प्रकारची अणुभट्टी गुजरातेत काक्रापार येथे चालू आहे. तिच्या तिसऱ्या युनिटने जून २०२३ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केले. या प्रकारच्या अणुभट्टीची औष्णिक शक्ती सुमारे २१६६ मेगावॅट असते आणि तीतून ७०० मेगावॅट वीज निर्माण होते. ७०० ला २१६६ ने भागल्यास कार्यक्षमता ३२.३ टक्के येते. म्हणजे उष्णतेच्या तीन भागांपैकी जेमतेम एकाची वीज होते आणि उरलेले दोन भाग थंड करणाऱ्या पाण्यावाटे व हवेत सोडून द्यावे लागतात. प्रश्नात केवळ विद्युत शक्ती व कार्यक्षमता दिली असेल, तर ७०० ला ०.३२३ ने भागून प्रथम औष्णिक शक्ती काढावी. इंधन जळते ते उष्णतेसाठी, विजेसाठी नव्हे. हे सूत्र सुटले की पुढील सारे गणित बिघडते.

दुसरी पायरी वर्षभराच्या उष्णतेची. अणुभट्टी वर्षाचे ३६५ दिवस पूर्ण शक्तीने चालत नाही. देखभाल-दुरुस्तीचा काळ वजा जाता ८५ टक्के क्षमतावापर गृहीत धरू. त्याचे पूर्ण शक्तीचे ३१० दिवस होतात. २१६६ ला ३१० ने गुणले असता सुमारे ६ लाख ७१ हजार मेगावॅट-दिवस इतकी उष्णता मिळते. मेगावॅट-दिवस म्हणजे एक मेगावॅट शक्तीने अखंड एक दिवस चालल्यावर मिळणारी ऊर्जा. ज्यूलच्या अवाढव्य आकड्यांपेक्षा हे एकक येथे सोयीचे पडते, कारण इंधनाचा हिशेबही याच एककात ठेवतात.

आता मुख्य आकडा. एक टन युरेनियम अणुभट्टीत ठेवल्यापासून बाहेर काढेपर्यंत एकूण किती उष्णता देते, त्यास ‘बर्न-अप’ म्हणतात. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जडपाणी अणुभट्टीत तो सुमारे ७००० मेगावॅट-दिवस प्रतिटन असतो. ६ लाख ७१ हजारांस ७००० ने भागले की उत्तर येते सुमारे ९६ टन. एका अणुभट्टीस वर्षाला ९६ टन, दोन्ही मिळून १९२ टन. हे वजन युरेनियम धातूचे आहे. प्रत्यक्षात इंधन युरेनियम डायॉक्साइडच्या रूपात असल्याने त्या संयुगाचे वजन एका अणुभट्टीसाठी १०९ टनांच्या आसपास भरेल. प्रश्नात ‘युरेनियम’ म्हटले आहे की ‘इंधन’, हे म्हणूनच नीट वाचावे.

येथे सर्वांत नेहमीची चूक होते ती २१६६ ऐवजी ७०० घेण्याची. मग उत्तर ३१ टन येते. ते चूक आहे हे ओळखावे कसे? अणुभट्टीच्या रोजच्या कामाशी ताडून पाहावे. इंधन हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बंडलांच्या रूपाने तयार होते आणि या अणुभट्टीच्या एका बंडलात सुमारे १९ किलो युरेनियम असते. २१६६ भागिले ७००० म्हणजे पूर्ण शक्तीच्या एका दिवसास ३१० किलो, अर्थात सोळा बंडले. अणुभट्टी चालू असतानाच यंत्राच्या साहाय्याने इंधन बदलले जाते. एका नलिकेत एका वेळी आठ बंडले बदलली, तर रोज दोन नलिकांचे काम होते. अणुभट्टीत अशा ३९२ नलिका असतात, म्हणून प्रत्येकीची पाळी सरासरी सहा-सात महिन्यांनी येते. ३१ टन खरे मानले, तर रोज पाचच बंडले पुरतील आणि इंधन तिप्पट काळ आत ठेवावे लागेल. नैसर्गिक युरेनियम इतका काळ साखळी-अभिक्रिया टिकवू शकत नाही.

काही विद्यार्थी बर्न-अपचा आधार न घेता मूळ भौतिकशास्त्रातून निघतात. तो मार्गही पाहण्यासारखा आहे. एका विखंडनात सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते. यावरून एक मेगावॅट-दिवस उष्णतेसाठी साधारण १.०५ ग्रॅम द्रव्याचे विखंडन व्हावे लागते. म्हणजे वर्षाला सुमारे ७०५ किलो. नैसर्गिक युरेनियमच्या एका टनात युरेनियम-२३५ असते सुमारे ७.१ किलो. ७०५ ला ७.१ ने भागले तर ९९ टन येतात, ९६ च्या अगदी जवळ! मात्र हे बरोबर वाटणारे उत्तर चुकीच्या कारणाने आलेले आहे.

एका टनाकडून ७००० मेगावॅट-दिवस मिळवायचे, तर ७.३५ किलोंचे विखंडन हवे. त्यात युरेनियम-२३५ मुळी ७.१ किलोच. शिवाय बाहेर काढलेल्या इंधनात दोन ते अडीच किलो युरेनियम-२३५ शिल्लक असते आणि नाहीशा झालेल्यातील काही अणू न फुटता केवळ न्यूट्रॉन गिळतात. मग तूट भरून कोठून निघते? युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम बनते, आणि त्यातील बराच भाग अणुभट्टीतच फुटतो. काही थोडा वाटा युरेनियम-२३८ च्या थेट विखंडनाचा. या दोहोंतून मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास उष्णता येते. न जळलेले युरेनियम-२३५ आणि जळलेले प्लुटोनियम यांची वजाबाकी-बेरीज योगायोगाने जुळते एवढेच.

क्षमतावापराचा आकडाही हलका समजू नये. २००८-०९ च्या सुमारास नैसर्गिक युरेनियमच्या तुटवड्यामुळे आपल्या अणुभट्ट्या निम्म्याच्या आसपास क्षमतेवर चालवाव्या लागल्या. चुटक्याची अणुभट्टी ५० टक्क्यांवर चालली, तर तिला सुमारे ५६ टन पुरतील. अर्थात वीजही त्याच प्रमाणात घटेल.

राहिला ‘खर्च होते’ या शब्दाचा अर्थ. अणुभट्टीत वर्षाला ९६ टन युरेनियम जाते, त्यातील सुमारे ७०५ किलोंचे अणू फुटतात, आणि आइन्स्टाइनच्या समीकरणाप्रमाणे प्रत्यक्ष वस्तुमान घटते ते केवळ ६५० ग्रॅमच्या आसपास. कोळसा जळून धूर व राख होते, तसे येथे होत नाही; आत गेलेले जवळपास सर्व वजन तितकेच, पण अत्यंत किरणोत्सारी होऊन बाहेर येते. दोन अणुभट्ट्यांचे हे १९२ टन दरवर्षी प्रथम त्याच आवारातील पाण्याच्या टाक्यांत काही वर्षे थंड करत ठेवावे लागतील.