संशोधन आराखडा : वाटूरमधील जात आणि व्यवसाय

‘जातीचा व्यवसायावर काय परिणाम होतो?’ हा प्रश्न एम.ए.च्या प्रबंधिकेला पेलणार नाही. तो असा आखावा : वाटूर (ता. परतूर) येथील सुतार कुटुंबांत आजोबा, वडील आणि मुले यांचे व्यवसाय कसे बदलले? जनगणना येथे अपुरी पडते. 1951 ते 2011 या काळात तिच्यात अनुसूचित जाती-जमातींखेरीज जातनिहाय आकडे नाहीत. म्हणून परवानगी घेऊन शाळेचे जुने प्रवेश रजिस्टर पाहावे आणि घरोघरी मुलाखती घ्याव्यात. रजिस्टरातील ‘सुतार’ ही जातीची नोंद आहे, धंद्याची नव्हे. येथेच विद्यार्थी हमखास फसतो. मुलाखतीतही ‘धंदा कोणता?’ याऐवजी ‘गेल्या वर्षी घर कशावर चालले?’ असे विचारावे. गाव सोडून गेलेल्या मुलांची माहिती घरच्यांकडून मिळवावी. त्यांना वगळल्यास बदल प्रत्यक्षाहून कमी दिसतो.