उभे राहताच धडधड : पॉट्स की साधी भोवळ?

प्रश्न : वय २२, मुक्काम जालना. चार महिन्यांपासून उभे राहिले की छातीत धडधडते, डोके हलके होते. ही भोवळच का?

उत्तर : साध्या भोवळीत नाडी आणि रक्तदाब दोन्ही अचानक उतरतात, आडवे होताच माणूस सावरतो आणि पुढे कित्येक महिने ठीक असतो. पॉट्स या विकारात उभे राहताच रक्त पायांकडे साचते, त्याची भरपाई करताना हृदय धावते. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही आणि त्रास जवळपास रोज होतो.

तपासणी सोपी आहे. दहा मिनिटे आडवे राहून नाडी व रक्तदाब मोजतात, मग उभे राहून दहा मिनिटांपर्यंत पुन्हा मोजतात. नाडी ७२ वरून ११२ झाली आणि रक्तदाब ११०/७० च्या आसपासच राहिला, तर पॉट्सची शंका येते. प्रौढांत ३० ची, १९ वर्षांपर्यंत ४० ची टिकून राहणारी वाढ आणि तीन महिन्यांचा त्रास हा निकष आहे. निदानाआधी रक्तक्षय, थायरॉइड आणि जालन्याच्या उन्हाळ्यात होणारी पाण्याची कमतरता तपासावी लागते.

उपचारात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने जास्त मीठ, पोटापर्यंतचे घट्ट मोजे आणि बसून किंवा आडवे राहून हळूहळू वाढवलेला व्यायाम येतो. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास मीठ वाढवू नये. एवढ्याने न भागल्यास प्रोप्रानोलॉलसारखी औषधे देतात. व्यायाम करताना शुद्ध हरपल्यास किंवा कुटुंबात तरुणपणी अचानक मृत्यू झाला असल्यास हृदयतपासणी तातडीने करावी.