आईने राजीनामा कशाचा द्यायचा?

प्रश्न : आईच्या माहेरची थोडी जमीन बुऱ्हाणपूरकडे आहे. मामा वारल्यावर तिथल्या तहसिलीतून हिंदीत पत्र आलं. एकाकडून मराठी करून घेतलं, तर त्यात लिहिलंय : ‘नामांतर प्रकरणात आपत्ती आली असून राजीनामा सादर करावा, अन्यथा एकपक्षीय कारवाई होईल.’ आई अंगणवाडीत मदतनीस आहे. नोकरी सोडावी लागते की काय, म्हणून दोन दिवस जेवली नाही. हा काय प्रकार आहे?
– एक वाचक, हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : आधी आईंना जेवायला सांगा. नोकरीचा इथे काही संबंध नाही.

तुम्ही मूळ पत्राची प्रत पाठवलीत ते बरं झालं. त्यातलं वाक्य असं आहे : ‘नामांतरण प्रकरण में आपत्ति प्राप्त हुई है। अतः नियत दिनांक को स्वयं अथवा अभिभाषक के माध्यम से उपस्थित होवें अथवा उभय पक्ष राजीनामा प्रस्तुत करें, अन्यथा एकपक्षीय कार्यवाही की जावेगी।’ भाषांतर करणाऱ्याने अवघड शब्द शोधले असतील, पण ओळखीचे तसेच उचलले. चुकलं ते नेमकं तिथे.

‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा कागद. मध्य प्रदेशातल्या कोर्टकचेऱ्यांत आजही त्याचा अर्थ दोन्ही पक्षांची तडजोड असाच आहे. नोकरी सोडण्याला हिंदीत इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात. आपल्याकडे हा शब्द कसा वळला, याची एक वाट दिसते. जुन्या मुंबई इलाख्यात रयत जमीन सोडताना ‘राजीनामा’ लिहून देई आणि ती घेणारा ‘कबुलायत’. जमीन सोडायचा कागद पुढे खुर्ची सोडायचा झाला असावा, हा माझा अंदाज. ‘उभय पक्ष’ या दोन शब्दांकडे लक्ष गेलं असतं, तर घोटाळा तिथेच उघडा पडला असता. नोकरीचा राजीनामा दोघं मिळून देत नाहीत.

‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती पूर-भूकंपाची. ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणजे आपलं ना हरकत प्रमाणपत्र, हे आठवलं की पुन्हा चूक होत नाही. ‘नामांतरण’ म्हणजे आपला फेरफार. मराठवाड्यात ‘नामांतर’ म्हटलं की 14 जानेवारी 1994 आणि विद्यापीठच आठवणार. सातबारा कुणाच्या डोक्यात येईल? ‘अभिभाषक’ म्हणजे साधे वकील. हा शब्द भाषांतरातून गळलाच, कदाचित राज्यपालांच्या अभिभाषणाशी त्याचा मेळ बसेना म्हणून. पण त्याबरोबर वकील देण्याचा आणि तारखेला हजर राहण्याचा पर्यायही गळला, आणि पत्रात जणू राजीनामाच मागितलाय असं झालं.

शेवटचा शब्द सर्वांत नाजूक. मुळात ‘कार्यवाही’ आहे, म्हणजे प्रकरणाचं कामकाज. मराठीत कार्यवाही म्हणजे ठरलेल्या गोष्टीची अंमलबजावणी आणि ‘कारवाई’ म्हणजे कुणावर तरी बडगा. हिंदीतला ‘कार्रवाई’ मात्र साध्या कामालाही चालतो. म्हणून ‘आवश्यक कार्रवाई हेतु’चं मराठी ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असं होतं. ‘कारवाईसाठी’ लिहिलंत की वाचणाऱ्याला घाम फुटतो. तुमच्या पत्रात एवढंच म्हटलंय की तारखेला कुणी आलं नाही, तर प्रकरण एकतर्फी चालेल. याचा अर्थ पोलीस येतील असा नाही, पण दुर्लक्ष करावं असंही नाही. आईंचं म्हणणं न ऐकताच निकाल लागू शकतो.

आता भाषेच्या ढंगाचं. सरकारी मराठी भारदस्त करायची तर संस्कृत शब्द पेरायचे, असा एक समज आहे. महसुलाच्या कागदात तो चालत नाही. तिकडे राजस्व, इकडे महसूल. तिकडे आपत्ति, इकडे हरकत. तिकडे एकपक्षीय, इकडे एकतर्फी. आपली कचेरीची भाषा अजून बरीचशी फारसी-अरबी वळणाची आहे, आणि ‘एकपक्षीय’ वाचलं की आपल्याला राजकीय पक्षच आठवतात. गंमत म्हणजे ‘राजीनामा’च्या बाबतीत उलटं झालं : फारसी शब्द त्यांच्याकडे राहिला, आपण तडजोडीवर आलो. क्रियापदाचंही पाहा. ‘उपस्थित होवें’ याला ‘हजर व्हा’ म्हटलं तर फौजदाराचा आवाज येतो. इथे ‘उपस्थित राहावे’ हवं.

तर मराठी असं करा : ‘फेरफार प्रकरणात हरकत प्राप्त झाली आहे. तरी नेमलेल्या तारखेस आपण स्वतः अथवा वकिलामार्फत उपस्थित राहावे किंवा उभय पक्षांनी तडजोडपत्र सादर करावे. अन्यथा प्रकरण एकतर्फी चालविण्यात येईल.’

‘तडजोडपत्र’ या शब्दापुढे कंसात मूळचा ‘राजीनामा’ तेवढा राहू द्या. रावेर ओलांडून आई तिथे पोचल्या, की खिडकीतला कारकून त्यांच्याकडे तोच मागणार आहे.