फोनवरून वर्गात बसताना

मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. तेव्हा सातारा-सांगलीकडील अनेक मुले फोनवरून वर्गात बसू लागली. आजही कधी तशी वेळ येते.

समजा, तुम्ही साताऱ्यात आहात आणि बाहेर पाऊस पडत आहे. गूगल मीटची लिंक उघडली, की वर्गात जाण्याआधी पडद्यावर तुमचे चित्र दिसते. ते नीट पाहा. चेहरा काळा दिसतो का? मग खिडकी तुमच्या पाठीमागे असेल. कॅमेरा खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेतो, म्हणून चेहरा अंधारात जातो. खिडकीकडे तोंड करून बसा. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा. मागे कोरी भिंत असली, की घरातली माणसे दिसत नाहीत.

आता माइक पाहा. त्याच्या चित्रावर तिरकी रेघ असेल, तर तो बंद आहे. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या वर्गाला ऐकू जातो. म्हणून ऐकताना माइक बंद ठेवा, उत्तर देताना चालू करा. चालू असूनही आवाज जात नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपला माइकची परवानगी द्या.

त्याच खोलीत तुमची बहीण दुसऱ्या फोनवरून त्याच वर्गात असेल, तर एका फोनचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि घुमू लागतो. अशा वेळी दोघांनी इअरफोन लावावेत आणि एका वेळी एकानेच माइक चालू करावा.

प्रश्न : खिडकी पाठीमागे असली, तर चेहरा काळा का दिसतो?